मागच्या खोलीत रेंज नाही? काही विकत घेण्याआधी घराचा सिग्नल-नकाशा काढा

लक्षणं

तक्रार साधारण अशी येते: "हॉलमध्ये सगळं मस्त चालतं, आत गेलं की मेलं." व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा आवाज आपल्याला नीट येतो, पण आपला त्याला तुटक ऐकू जातो. मोबाइलवर वायफायच्या दोन दांड्या दिसतात, तरी साधं पान उघडत नाही. पलंगावर एका कुशीला असताना व्हिडिओ चालतो, कूस बदलली की चकरी फिरायला लागते. खोलीचं दार लावलं की कॉल तुटतो. आणि सगळ्यात चक्रावून टाकणारं लक्षण म्हणजे राउटरचा सिग्नल पुढे पोचवणारा एक्स्टेंडर लावून झालाय, दांड्या पूर्ण भरल्यात, वेग मात्र होता तिथेच.

यातली दोन-तीन लक्षणं तुमच्याकडे असतील आणि ती घराच्या ठरावीक भागातच दिसत असतील, तर पुढचं वाचा. घरभर, अगदी राउटरच्या शेजारीही त्रास होत असेल, तर पहिल्या तपासणीपाशीच थांबायचं आहे.

नातेवाइकांकडे आणि ओळखीपाळखीच्या घरी हे दुखणं मी इतक्या वेळा निस्तरलंय, की दार उघडताच एक्स्टेंडर कुठे असेल ते सांगू शकतो. जिथे रेंज नाही, बरोबर तिथेच तो खोचलेला असतो. चूक कशी होते तेही कळतं. जिथे अंधार तिथे दिवा लावावा, असा आपला सरळ हिशेब. पण एक्स्टेंडर स्वतः उजेड तयार करत नाही, तो आरशासारखा आहे. अंधारात ठेवलेला आरसा काय परावर्तित करणार? त्याला कुठे ठेवायचं हे घरात फिरून आकडे घेतल्याशिवाय समजत नाही.

पहिली तपासणी: दोष हवेतला आहे की तारेतला?

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. लॅपटॉप घेऊन राउटरपासून दोन-तीन मीटरवर, मध्ये भिंत नसेल असं बसा आणि राउटरलाच पिंग करा, म्हणजे त्याला छोटा निरोप पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघा. इंटरनेटवरच्या एखाद्या संकेतस्थळाला करू नका. राउटरचा पत्ता विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये `ipconfig` या आज्ञेच्या उत्तरात `Default Gateway` समोर दिसतो. समजा तो 192.168.1.1 आहे, तर

```
ping -t 192.168.1.1
```

मॅक आणि लिनक्सवर `-t` नको, नुसतं `ping` पुरे. दोन मिनिटं चालू द्या. राउटरजवळ उत्तरं काही मिलिसेकंदांत यायला हवीत. मधूनच एखादं लांबलं तर हरकत नाही. मग तोच लॅपटॉप तसाच उचलून त्रास असलेल्या खोलीत न्या. तिथे आकडे शेकड्यात गेले किंवा मधेमधे `Request timed out` यायला लागलं, तर दोष घरातल्या हवेतला आहे आणि नकाशा काढण्यात अर्थ आहे.

ही तपासणी टाळू नका, कारण वेग मोजणारी ॲप्स घरातलं वायफाय आणि बाहेरून येणारी लाइन या दोन्हींचा एकत्रित परिणाम दाखवतात. संध्याकाळी लाइनच मंद होत असेल, तर ॲप मागच्या खोलीला दोष देईल आणि तुम्ही उगाच यंत्र विकत घ्याल. राउटरपर्यंतचं पिंग फक्त हवेतला रस्ता तपासतं.

राउटरच्या शेजारी बसूनही पिंग अडखळत असेल, तर राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. तरी तेच असेल, तर राउटर बिघडलाय किंवा आसपासच्या लहरींची गर्दी टोकाची आहे. आणि राउटरपर्यंतचं पिंग स्वच्छ असून पुढे बाहेर काहीच उघडत नसेल, तर सेवा देणाऱ्या कंपनीला फोन करा. या दोन्ही प्रसंगी नकाशा काढून काही हाती लागणार नाही.

दुसरी तपासणी: घर फिरून आकडे घेणं

दांड्यांवर विश्वास ठेवू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, हे प्रत्येक मोबाइल आपापल्या मर्जीने ठरवतो. आपल्याला हवा तो सिग्नलच्या शक्तीचा, डीबीएममधला आकडा. तो नेहमी उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. राउटरच्या पुढ्यात उणे ३० ते ४०, त्याच खोलीत उणे ५०च्या आसपास. व्हिडिओ कॉल विनातक्रार चालायला उणे ६७ किंवा त्याहून चांगला असावा, असा पाहणी करणाऱ्यांचा रूढ ठोकताळा आहे. उणे ७५च्या खाली रडतखडत चालतं, उणे ८५ला जोडणी नावापुरती उरते. एवढं लक्षात ठेवा, की हे माप सरळ पट्टीसारखं नाही. ३ डीबीने घसरलं म्हणजे शक्ती अर्धी झाली, १० डीबीने घसरलं म्हणजे एक दशांश उरली. उणे ६० आणि उणे ८० यांत शंभरपटीचा फरक आहे.

अँड्रॉइडवर हा आकडा दाखवणारी बरीच फुकट ॲप्स आहेत. WiFiman किंवा WiFi Analyzer चालेल. आयफोनवर ॲपलचंच AirPort Utility घ्या आणि मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या नावाखाली `Wi-Fi Scanner` चालू करा, मग ॲपमध्ये आकडे दिसतात. विंडोज लॅपटॉपवर

```
netsh wlan show interfaces
```

ही आज्ञा सिग्नल टक्क्यांत सांगते. टक्के निम्मे करायचे आणि त्यातून १०० वजा करायचे. ७० टक्के म्हणजे ३५ वजा १००, अर्थात उणे ६५. हिशेब ढोबळ आहे, पण आपल्या कामाला पुरतो.

आता चौकटीच्या वहीचं एक पान घ्या आणि त्यावर घराचा आराखडा काढा. एक चौकट म्हणजे अर्धा मीटर धरलं, तर बहुतेक घरं एका पानात बसतात. भिंती, दारं, मोठी कपाटं, फ्रिज, न्हाणीघर आणि मोठा आरसा एवढं त्यात हवंच. चित्र देखणं नसलं तरी चालेल. जागा मात्र बरोबर दाखवा, कारण उत्तर त्या कपाटांत आणि भिंतींतच दडलेलं असतं.

चालायला लागण्याआधी तीन गोष्टी करा. त्या न केल्यामुळे माझे स्वतःचे पहिले दोन नकाशे फुकट गेले होते.

एक, घरात आधीच लावलेला एक्स्टेंडर बंद करा. तो चालू असेल तर मोबाइल मध्येच राउटर सोडून त्याला चिकटतो आणि कोणता आकडा कुणाचा हे समजत नाही. बहुतेक एक्स्टेंडर राउटरचंच नाव वापरतात, त्यामुळे पडद्यावरून काही पत्ता लागत नाही.

दोन, वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ आणि २.४ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांची खिचडी होऊ देऊ नका. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल, तर आत जाता जाता मोबाइल गुपचूप ५वरून २.४वर उतरतो आणि आकडा एकदम सुधारल्यासारखा दिसतो. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा राउटरपासून दूर जाताना सिग्नल कसा वाढला म्हणून डोकं खाजवत बसलो होतो. राउटरच्या सेटिंगमध्ये तात्पुरती दोन्हींना वेगळी नावं द्या, किंवा ॲपमध्ये वारंवारिता बघत राहा. ५१८० सारखा आकडा म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, २४३७ सारखा म्हणजे २.४. नकाशा ५चा काढा, २.४चे आकडे त्रासाच्या खोल्यांपुरते घेतले तरी पुरे.

तीन, सगळा नकाशा एकाच मोबाइलवर काढा. एकाच ठिकाणी दोन मोबाइल पाच-सहा डीबीने वेगळे आकडे सहज दाखवतात. तुलना एकाच तराजूवर झाली पाहिजे.

चालायचं कसं, तर चालायचं नाही. उभं राहायचं. मोबाइल आकडा दर क्षणाला ताजा करत नाही. काही सेकंद जुनाच धरून ठेवतो. तुम्ही चालत राहिलात, तर हॉलचा आकडा पॅसेजमध्ये लिहाल. म्हणून प्रत्येक ठिकाणी थांबा, पंधरा सेकंद जाऊ द्या, मग तीनदा वाचा आणि मधला आकडा लिहा. तीन-चार डीबीची हालचाल नेहमीची आहे, तिला घाबरू नका.

मोबाइल छातीपाशी, नेहमी धरता तसा धरा. आपलं शरीर म्हणजे पाण्याने भरलेली पखाल. राउटरकडे पाठ केली की सिग्नल काही डीबीने पडतो. कूस बदलल्यावर व्हिडिओ अडकतो तो यामुळेच. म्हणून प्रत्येक ठिकाणी एकदा राउटरकडे तोंड करून आणि एकदा पाठ करून वाचा आणि त्यातला वाईट आकडा लिहा. दारं, तुम्ही खोली वापरता तेव्हा असतात तशीच ठेवा. काम करताना दार लावत असाल, तर मोजतानाही लावलेलं हवं.

प्रत्येक खोलीत चार कोपरे, मध्य, दाराचा उंबरा आणि जिथे प्रत्यक्ष बसता-झोपता ती जागा, एवढं पुरतं. उंबरा सोडू नका. भिंतीच्या अलीकडचा आणि पलीकडचा आकडा मिळाला, की ती भिंत किती खाते ते कळतं आणि सगळी मेख तिथेच आहे.

एक खरा नकाशा

हे नुसतं सांगून समजत नाही, म्हणून मावसबहिणीच्या घरचे आकडे देतो. तिचं म्हणणं होतं, "दादा, मागच्या दोन्ही खोल्यांत रेंजच नाही. एक्स्टेंडर घेतला तरी तेच." राउटर हॉलच्या बाहेरच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे, लाकडी कपाटात जवळजवळ जमिनीला टेकलेला. एक्स्टेंडर अगदी शेवटच्या झोपायच्या खोलीत. एक्स्टेंडर काढून ठेवला आणि ५ गिगाहर्ट्झवर घर फिरलो.

सोफ्यावर उणे ४७. हॉलमधून पॅसेजमध्ये जाणाऱ्या दारात उणे ५८. पॅसेजच्या मध्यावर उणे ६३, पॅसेजच्या टोकाला उणे ६७. अभ्यासाच्या खोलीच्या उंबऱ्यावर उणे ६८, आणि तिथून जेमतेम दोन मीटर आत, तिच्या टेबलावर, उणे ७७. शेवटच्या खोलीत पलंगावर उणे ८४.

रंगवायला मी चार खडू वापरतो. उणे ६०हून चांगलं ते हिरवं, ६० ते ६७ पिवळं, ६७ ते ७५ नारिंगी, त्याखालचं लाल. सारख्या आकड्यांचे बिंदू रेषेने जोडले, की डोंगराच्या नकाशावर असतात तसे वेढे दिसायला लागतात. जिथे या रेषा एकमेकींना खेटून जातात, तिथे कडा आहे. बहुतेक जण नकाशात लाल कुठे आहे तेवढं बघतात. मागची खोली लाल आहे हे तर नकाशा न काढताही माहीत होतं. बघायचा असतो तो कडा.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल साधारण ६ डीबीने पडतो. उंबऱ्यापासून टेबलापर्यंत अंतर दुप्पट झालं नव्हतं. राउटरपासून दहा मीटर होतं ते बारा झालं, म्हणजे फार तर दोन डीबी जायला हवे होते. गेले नऊ. उरलेले सात कुणी खाल्ले? टेबलाच्या बाजूला लोखंडी कपाट उभं होतं आणि टेबल बरोबर त्याच्या सावलीत. टेबल खिडकीकडे दीड मीटर सरकवून मोजलं तर उणे ७१. एक पैसा खर्च न करता सहा डीबी, म्हणजे चौपट शक्ती.

पलंगाचा उणे ८४ मात्र असा सुटणारा नव्हता. राउटर आणि पलंग यांच्या मध्ये न्हाणीघर येत होतं. फरशा, नळ, भिंतीतले पाइप, वर पाण्याची टाकी. लहरींच्या दृष्टीने याहून वाईट खोली घरात नसते.

तिसरी तपासणी: आहे तोच राउटर हलवणं

नकाशा हातात आल्यावर पहिला प्रयोग हाच. राउटर कपाटातून आणि टीव्हीच्या पाठीमागून बाहेर काढा, खांद्याच्या किंवा डोक्याच्या उंचीवर ठेवा आणि घराच्या मध्याकडे जितका आणता येईल तितका आणा. टीव्हीची पाठ हा धातूचा पडदा आहे हे आपण विसरतो. बाहेरच्या कोपऱ्यात ठेवलेला राउटर निम्मा सिग्नल शेजाऱ्यांना आणि रस्त्याला वाटत असतो. बाहेर काढलेल्या उभ्या अँटेना उभ्याच ठेवा. त्यांचा सिग्नल कमरेभोवतीच्या टायरसारखा आडवा पसरतो, टोकाच्या दिशेने सगळ्यात कमी जातो. म्हणून खोलीकडे "नेम धरून" अँटेना वाकवली तर उलटाच परिणाम होतो. वरच्या मजल्यावर सिग्नल हवा असेल, तर दोनांपैकी एक आडवी करून बघण्यात मात्र अर्थ आहे.

बहिणीकडे राउटर हॉल आणि पॅसेजच्या मधल्या भिंतीवर, दाराच्या वरच्या चौकटीइतक्या उंचीवर नेला. कायमचा बसवण्याआधी नुसता स्टुलावर चढवून, लांब तारेने जोडून, पुन्हा एक फेरी मारली. आधी मोजायचं, भोकं नंतर पाडायची. पॅसेजच्या टोकाला आता उणे ५७, टेबलाच्या नव्या जागी उणे ६३, पलंगावर उणे ७६. अभ्यासाची खोली इथेच सुटली. पलंग लालमधून जेमतेम लालच्या कडेला आला.

कित्येक घरांचा प्रश्न इथेच संपतो आणि लोक थोडे हिरमुसतात, कारण काहीतरी विकत घ्यायची तयारी झालेली असते.

राउटरच्या सेटिंगमध्ये प्रक्षेपणाची शक्ती वाढवण्याचा पर्याय असतो. शक्ती कमी ठेवलेली असेल तर पूर्ण करा, पण त्यापलीकडे त्यातून काही मिळत नाही. संवाद दोन्ही बाजूंनी होतो आणि मोबाइलचा आवाज राउटरपेक्षा बारीक असतो. राउटरचं ओरडणं मोबाइलला ऐकू येतं, मोबाइलचं पुटपुटणं राउटरपर्यंत पोचत नाही. सुरुवातीचं लक्षण आठवा, आपल्याला ऐकू येतं पण आपला आवाज तुटतो. ते याचंच. बऱ्याच राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांच्या यादीत प्रत्येकाचा सिग्नल दिसतो; तो राउटरच्या कानाने ऐकलेला आकडा असतो. कडेच्या खोल्यांसाठी एकदा तोही बघून नकाशावर कंसात लिहा. तो मोबाइलवरच्या आकड्यापेक्षा बराच वाईट असेल, तर त्या जागेला एक रंग खालचा द्या.

चौथी तपासणी: न विकत घेता नवं यंत्र लावून बघणं

आता भर घालायचीच आहे, पण कुठे? इथे घरातला दुसरा मोबाइल कामाला येतो. त्याचा हॉटस्पॉट सुरू करा, सेटिंगमध्ये पट्टी ५ गिगाहर्ट्झ निवडा आणि जिथे नवं यंत्र लावायचा विचार आहे तिथे, त्याच उंचीवर ठेवा. मग पहिला मोबाइल घेऊन पुन्हा फिरा आणि या हॉटस्पॉटचा आकडा लिहा. इंटरनेट वापरायचंच नाहीये, नुसता सिग्नल मोजायचा आहे. काही मोबाइल कुणी जोडलेलं नसलं की थोड्या वेळाने हॉटस्पॉट आपोआप बंद करतात, तेवढं सेटिंगमध्ये बघून घ्या.

मोबाइलचा हॉटस्पॉट राउटरपेक्षा कमजोर असतो, त्यामुळे आधी दोघांमधला फरक काढा. हॉटस्पॉटचा मोबाइल राउटरच्या शेजारी ठेवा, तीन मीटरवर उभे राहा आणि दोन्ही आकडे वाचा. आमच्याकडे राउटर उणे ४५ आणि हॉटस्पॉट उणे ५१ आला, म्हणजे सहाचा फरक. पुढे हॉटस्पॉटच्या प्रत्येक आकड्यात हे सहा जमेला धरायचे.

दोन जागा तपासल्या. पहिली, शेवटच्या खोलीतलं दाराजवळचं प्लग. तिथून पलंगावर अर्थातच उत्तम आलं. पण त्या जागी राउटरचा स्वतःचा सिग्नल किती, तर उणे ७४. दुसरी जागा पॅसेजचं टोक. तिथून न्हाणीघर वाटेत येत नव्हतं, फक्त एक साधी भिंत आणि दार. पलंगावर हॉटस्पॉट उणे ६६, सहा जमेला धरून उणे ६०. आणि त्या जागी राउटरचा सिग्नल उणे ५७.

निवाडा इथेच होतो. बिनतारी जोडणीच्या यंत्राची जागा निवडताना दोन आकडे बघायचे, त्या यंत्राला राउटर कसा ऐकू येतो आणि त्रासाच्या जागी ते यंत्र कसं ऐकू येईल. पहिला उणे ६५हून चांगला हवा आणि दुसरा उणे ६७हून. खोलीतल्या प्लगपाशी दुसरा छान होता, पहिला नापास. बहिणीचा एक्स्टेंडर नेमका असाच फसला होता. मोबाइलला एक्स्टेंडरच्या पूर्ण दांड्या दिसत होत्या, पण त्या एक्स्टेंडरपर्यंतच्या. एक्स्टेंडरपासून राउटरपर्यंतचा रस्ता कुणी पाहिलाच नव्हता.

पाचवी पायरी: यंत्र कोणतं

जागा ठरली की ही निवड सोपी होते. त्या जागेपर्यंत तार नेता येत असेल तर ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तारेने आलेलं नेटवर्क वायफायवर वाटणारं यंत्र, लावून इथरनेटची तार जोडा, याला तोड नाही. तार असली की पहिल्या आकड्याची अट गळून पडते आणि यंत्र थेट लाल भागाच्या मध्यावर ठेवता येतं. तार जमत नसेल तर मेश, म्हणजे आपसांत बोलून घरभर एकच वायफाय पसरवणाऱ्या यंत्रांचा संच घ्या, शक्यतो असं की ज्यात यंत्रांच्या आपसातल्या बोलण्याला स्वतंत्र पट्टी असते. साधा, एकाच पट्टीवर ऐकणारा आणि बोलणारा एक्स्टेंडर शेवटचा पर्याय. त्याला प्रत्येक गोष्ट हवेत दोनदा न्यावी लागते, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. नुसता दाराचा कॅमेरा किंवा रेडिओ चालवायचा असेल तर तेवढं पुरतं.

बहिणीकडे आधीचाच एक्स्टेंडर पॅसेजच्या टोकाला लावून पाहिला. तो दोन पट्ट्यांचा निघाला. राउटरशी ५वर आणि खोलीशी २.४वर बोलेल असं सेट केल्यावर व्हिडिओ कॉलला पुरला. पुढे काही महिन्यांनी तिने तिथेच मेशचं यंत्र बसवलं. पलंगावर उणे ६१ आला. हॉटस्पॉटने सांगितलेल्या आकड्यापेक्षा एकाने कमी.

यंत्र लावल्यावर पुन्हा एकदा फेरी मारायची, या वेळी सगळं चालू ठेवून आणि पिंग सुरू ठेवून. हॉलमधून पलंगापर्यंत चालत जा आणि मोबाइल जुन्या राउटरला कुठपर्यंत चिकटून राहतो ते बघा. नवं यंत्र पुढ्यात असूनही तो जुन्यालाच धरून बसत असेल, तर हॉलमधल्या राउटरची शक्ती एक पायरी कमी करा. ऐकायला उलटं वाटतं, पण जुना आवाज क्षीण झाला की मोबाइल लवकर हात सोडतो.

नकाशा हिरवा आणि तरी कामं अडकतात, असंही होतं. मग दोष जोराचा नाही, गर्दीचा. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे मार्ग, म्हणजे चॅनेल, तीनच, १, ६ आणि ११. ॲपमध्ये शेजाऱ्यांची गर्दी सगळ्यात कमी असेल तो निवडा. मायक्रोवेव्ह चालू असतानाच अडकत असेल तर तुम्ही २.४वर आहात, ५वर या.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

घरात येणाऱ्या प्रकाशतंतूच्या, म्हणजे फायबरच्या तारेला हात लावू नका. राउटर हलवायला ती लांब लागत असेल तरी ती ओढू, कापू किंवा कोनात दुमडू नका आणि निघालेल्या टोकात डोळा लावून बघू नका; त्यात लेझरचा न दिसणारा प्रकाश असतो. ती तार ज्या यंत्रात जाते ते आहे तिथे राहू द्या आणि पुढचा राउटर साध्या इथरनेट तारेने लांब न्या, किंवा सेवा देणाऱ्यांकडून जागा बदलून घ्या.

भिंतीत भोक पाडायचं असेल आणि आत विजेच्या तारा किंवा पाइप कुठून गेलेत हे पक्कं माहीत नसेल, तर ड्रिल खाली ठेवा. खांब आणि तुळयांना तर मुळीच हात लावायचा नाही. भिंतीतून तार नेण्याचं काम वायरिंगवाल्याचं आहे.

दोन ठिकाणी यंत्रं लावून, पुन्हा मोजूनही तीच खोली लाल राहत असेल, तर तिसरं घेऊ नका. भिंतीत लोखंडी जाळी असू शकते, किंवा काचेवर धातूचा पातळ थर. अशा घराला तारेचे ॲक्सेस पॉइंट लागतात आणि ते नेटवर्कचं काम करणाऱ्याकडून आखून घेतलेले बरे. जाड दगडी भिंती किंवा तीन मजले असतील, तर पहिल्या नकाशानंतरच त्याला बोलवा.

तो आला की त्याच्या हातात सगळे कागद द्या: राउटर हलवण्याआधीचा नकाशा, नंतरचा आणि हॉटस्पॉटचा. प्रत्येकावर पट्टी, मोबाइल कोणता आणि दारं उघडी होती की बंद, एवढं लिहून ठेवा. तो "इथे एक बसवू" म्हणाला, तर त्या जागेचे दोन आकडे त्याला विचारा.